सातव्या तळ्याची पिवळी घरं

विज्ञान निरीक्षणावर उभं असतं, असं सर प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला सांगत. त्यांच्या प्रकल्पातलं विज्ञान मात्र ‘बेडूक_फायनल_नवीन_फायनल२’ या एक्सेल फाईलवर उभं होतं. तिच्याही चार प्रती होत्या, आणि खरी कोणती यावर संस्थेत अधूनमधून मतदान होई.

बारा तळी, चार वर्षं, दर महिन्याला बेडकांची मोजणी, असा हा प्रकल्प. आता पुढच्या टप्प्याचं अनुदान हवं असेल तर अर्जासोबत डेटा व्यवस्थापनाचा आराखडा जोडा, असं समितीने कळवलं. सरांनी ते काम ताईवर ढकललं. ताई म्हणजे प्रकल्पातली संशोधिका; वयाने सरांपेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी तेही तिला ताईच म्हणत, कारण कामं सांगायला ते बरं पडे. अनुदान गेलं तर तिची नोकरीही जाणार होती. नवरा म्हणाला, इतकी वर्षं बेडूक मोजलेस, आता मोजल्याचा पुरावा मोज.

ताईचा स्वतःवर विश्वास दांडगा होता. तिने आधी चारांतली एक फाईल मूळ ठरवून तिला कुलूप घातलं: वाचा, पण हात लावू नका. तिच्या तीन प्रती, त्यातली एक संस्थेच्या इमारतीबाहेर. दुरुस्ती करायची तर वेगळ्या प्रतीत, आणि का केली ते लिहून. कोणत्या स्तंभात काय आहे, कोणत्या एककात आहे, याचा एक कोशही केला. मग तिने पसारा आवरायला घेतला. जुन्या तक्त्यात महिने आडवे पसरले होते, एका घरात ‘१२ (बहुतेक)’ असं लिहिलं होतं, आणि तारखा तर ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे होत्या. ताईने नियम केला: एका ओळीत एक नोंद, एका स्तंभात एकच गोष्ट. शिवाय दोन तक्ते. एकात तळ्यावरच्या भेटी: कोण गेलं, कधी, किती वेळ थांबलं. दुसऱ्यात मोजणी. भेटीचा क्रमांक नसेल, तर मोजणीची ओळ भरताच येणार नाही.

अकरा तळी मुकाट्याने नव्या तक्त्यांत जाऊन बसली. सातवं अडलं.

शेवटच्या संपूर्ण वर्षात सातव्या तळ्याची घरं रिकामी होती, आणि पिवळी. त्या वर्षासाठी भेटीची एकही ओळ सापडेना. ताईने गाडीची नोंद पाहिली, प्रत्येकाचे मोजणीचे कागद पाहिले, मग जुन्या मदतनिसाला फोन लावला. तो म्हणाला, पिवळं म्हणजे ‘मी स्वतः जाईन’ असा सरांचा निरोप असायचा. मग बाकी कोण कशाला जाईल?

रिकाम्या घरांची बेरीज एक्सेल शून्य करतं. त्याला रंगातलं काही कळत नाही. त्या शून्याचा आलेख झाला, आलेखाचं भाषण झालं. ‘सातव्या तळ्याचा अंत’ हे भाषण सरांनी नऊ ठिकाणी दिलं होतं, आणि दोन ठिकाणी श्रोत्यांचे डोळे पाणावले होते.

ताई दोन्ही तक्ते घेऊन सरांच्या खोलीत गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तक्ता तोच राहिला.

“म्हणजे तिथले बेडूक गेलेच नव्हते?”

“ते माहीत नाही, सर. आपण गेलो नव्हतो, एवढं माहीत आहे.”

सरांनी सुचवलं की त्या घरांचा पिवळा रंग तेवढा पुसावा, बाकी कोण बघतंय. ताईने सांगितलं की मूळ फाईल आता बंद आहे. तुम्हीच काय, मीही तिला हात लावू शकत नाही. नव्या तक्त्यात सातव्या तळ्यापुढे ‘भेट नाही’ असं आलंय, आणि आराखड्याच्या चौथ्या पानावर कारणही.

“कारण कोणाच्या नावाने?”

“नाव नाही. ‘प्रकल्पप्रमुख’ एवढंच.”

अर्ज सरांच्या सहीशिवाय जाणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं; दुसरा अर्ज करायला वेळ उरला नव्हता, हेही. मग त्यांचा चेहरा हळूहळू भाषणाला उभं राहिल्यासारखा झाला. स्वतःची चूक स्वतः शोधणं हीच खरी शास्त्रीय वृत्ती, असं ते म्हणाले. जणू ती शोधायला तिला त्यांनीच पाठवलं होतं. ताईने मान डोलावून पेन पुढे केलं. त्यांनी सही केली, आणि ‘एका चुकीचा शोध’ हा भाषणाला विषय कसा वाटतो, तेही विचारलं.

अनुदान मिळालं. ताईने समितीच्या कार्यालयात फोन करून विचारलं, आराखडा कसा वाटला. तिथल्या कारकुनाने कागद चाळून सांगितलं की आराखडा अजून कोणी वाचलेला नाही, गरजच पडली नाही; या फेरीत आराखडा जोडलेला अर्ज तेवढा एकच आला होता.