डब्याच्या पिशवीतली बाटली

दवाखान्याच्या बाकावर बसचालकाच्या बायकोने पिशवीत हात घातला, तर जेवणाच्या डब्याला चिकटून लघवीची बाटली!

"शी! ही कुणाची?"

"तुझ्या भावाची. हळू बोल! माझी फेसाळते. चालकांच्या तपासणीत सापडलो तर बस हातातून जाईल."

वर्षानुवर्षं रक्तदाब चढलेला आणि हा माणूस गोळी घेणार फक्त तपासणीच्या सकाळी. तिला त्याची किळस आली. तरी बाटली आत गेलीच.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि त्या थबकल्या.

"पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत. इकोमध्ये हृदयाची भिंत जाड दिसतेय. आणि लघवी एवढी स्वच्छ?"

"देवाची कृपा, बाई."

"देवाला कशाला मध्ये ओढता?" बायको कडाडली. "ती माझ्या भावाची आहे!"

त्याच्या ताज्या लघवीत बुडवलेली पट्टी प्रथिनांनी हिरवी झाली.

"मूत्रपिंडं गळू लागलीत, आता रक्तातलं क्रिएटिनिनही बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूच्या नसाही चढलेल्या रक्तदाबातून सुटत नाहीत. भरल्या बसमध्ये झटका आला तर? सध्या गाडी बंद."

"घरभेदी!" तो पुटपुटला.

"आणि डोळे कुणाचे आणणार होता?" बायकोने विचारलं.

तिने डब्यासकट पिशवी कचऱ्यात टाकली. त्यातल्या त्याच्या गोळ्या तेवढ्या आपल्या मुठीत ठेवल्या.