बंडी शिरेल एवढं दार

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती, आणि मोताळ्याच्या कापूस सोसायटीला अजून स्वतःचं गोदाम नव्हतं. मागल्या हंगामात अवकाळी पाऊस आला आणि उघड्यावरचा चांदण्यासारखा कापूस एका दुपारी मातीच्या रंगाचा झाला. यंदा दसऱ्याच्या सुमारास वेचणी लागेल, तोवर कापसावर छप्पर पाहिजे, याचाच घोर सगळ्यांना लागला होता.

चैत्रात बैठक भरली. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर नीळकंठराव देखरेखीला नेमलेले होते. त्यांनी रीत समजावून सांगितली. आधी आपण पूर्ण नकाशा काढायचा, खिळ्यापर्यंत अंदाजपत्रक करायचं, मग टेंडर मागवायचं, मग ठेकेदार नकाशाबरहुकूम बांधेल. प्रत्येक वीट आपल्या हुकमाखाली. गोदाम कधी होईल, असं कुणी विचारल्यावर ते म्हणाले, पुढच्या वर्षी.

चेअरमन शेषराव पान चघळत हसले. त्यांनी अकोल्याच्या रंगराव ठेकेदाराला गाठलंच होतं. नकाशाही त्याचा, बांधकामही त्याचंच, रक्कम ठरलेली, जोखीम त्याची. आपण फक्त काय पाहिजे ते लिहून द्यायचं.

"साहेब, तुमचा नकाशा सुरेख राह्यते," शेषराव म्हणाले, "पण नकाशाखाली कापूस झाकता येत नाही."

सभा खदखदून हसली. नीळकंठरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागणीपत्र लिहायचं काम त्यांच्याकडेच आलं. त्यांनी आठ ओळी खरडल्या: कापूस किती, जोतं किती उंच, छप्पर पत्र्याचं, समितीच्या नावांची फरशी दर्शनी. फरशीची लांबी-रुंदी शेषरावांनी स्वतः सांगितली, इंचासकट.

रंगराव खरंच वेगाचा माणूस. पाया खणत असतानाच त्याचा इंजिनिअर छपराचे नकाशे काढत होता. काळी माती सहा फुटांवर संपेल असा त्याचा अंदाज होता, मुरूम लागला दहा फुटांवर. जमीन तपासायची जबाबदारी त्यानं करारात घेतलेली, त्यामुळे तोंड वाकडं करून त्यानं स्वतःच्या खिशातून पाया भरला. तुमच्या रीतीत हे जादा काम माप-वहीत चढून आमच्या बोकांडी बसलं असतं, असं शेषरावांनी नीळकंठरावांना चार माणसांत ऐकवलं. ते खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

त्याच आठवड्यात इमारतीचा नकाशा मंजुरीला आला. दार आठ फूट उंच. बाजूंना बांबूचे तट्टे लावून कापसानं भरलेली बैलबंडी साडेदहा फुटांवर जाते, आणि बंडी आत नेऊनच खाली करायची इथली चाल आहे. नीळकंठरावांनी आकडा दोनदा वाचला. मग 'पाहिले' लिहून सही ठोकली. एकहाती कारभार पाहिजे ना, मग घ्या म्हणावं, असं पुटपुटत त्यांनी चहा घेतला.

दसऱ्याला गोदाम उभं राहिलं, ठरल्या दिवशी. पहिली बंडी देऊळघाटच्या वच्छलाबाईंची. स्वतःची शेती स्वतः पाहणारी, तोंडानं फटकळ बाई. बैलांना कुंकू लागलं, नारळ फुटला. बंडी दाराशी गेली आणि वरचा कापूस दारावरच्या लिंटेलला अडून ढिगानं खाली आला.

शेषरावांनी रंगरावाला धारेवर धरलं. रंगरावानं शांतपणे मागणीपत्र पुढे केलं. बंडीचा शब्द कुठंच नव्हता. आता लिंटेल काढायची तर वरची भिंत उतरवावी लागेल. महिना जाईल, आणि बदल सोसायटीचा म्हणून खर्चही सोसायटीचा. नकाशा पाहून सही केली होती, तीही त्यानं दाखवली.

सगळे वळले. नीळकंठराव टोपी काढून म्हणाले, "मला दिसलं होतं. मुद्दाम बोललो नाही."

शेषरावांनी सहीचा कागद त्यांच्याच हातात ठेवला. मग नीळकंठरावांनी पिशवीतून आपला जुना नकाशा काढून पसरला. चैत्रातच हौसेनं काढून जपलेला, शाईच्या रेघा धाग्यासारख्या. साडेअकरा फुटांचं दार. माझ्या रीतीनं गेला असतात तर ही वेळच आली नसती, असं ते म्हणाले, आणि आवाजात पुन्हा थोडी ऐट आली.

वच्छलाबाई वाकून पाहत होत्या.

"हे एकच दार हाय?"

"एकच. पण उंच."

"आन् आत गेलेली बंडी बाहेर कुठून निघन, भाऊ? दोन्ही बाजूनं कापसाचे ढीग, वळायले जागा नाही. बैल काय उलटे चालतात?"

रंगराव पहिल्यांदा मोठ्यानं हसला. शेषरावांनी तोंड फिरवलं. त्यांनीही घरी दोन बैलजोड्या बाळगल्या होत्या आणि हे त्यांनाही सुचलं नव्हतं.

"कागद घ्या," बाई म्हणाल्या. "मी सांगतो, तुम्ही लिहा. तवरिक बाकीचे मोटा बांधा. कापूस डोक्यावरून आत जाऊ द्या."

नीळकंठराव नव्या कोऱ्या जोत्यावर मांडी घालून बसले आणि त्यांनी पहिली ओळ लिहिली: दारं दोन, समोरासमोर.