बटाट्याचं वांगं

आमच्या हडपसरच्या कंपनीत मी, अफशीन आणि सुदर्शन सर असे एकूण तिघं. भिंतीवर 'आमचं जागतिक कुटुंब' असं लिहिलंय, आणि त्या भिंतीला ओल आलीय.

वारज्याच्या आहारतज्ज्ञ सुहासिनीताईंसाठी आम्ही वेबसाइट बनवली होती. सभासदाने लॉगिन करायचं, आपलं वजन बघायचं आणि आज काय खायचं नाही ते वाचायचं. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मंगळवारी सकाळी ताईंचा फोन आला. सरांनी स्पीकरवर टाकला.

"अहो, माझे एकशेचार किलोचे वैजनाथराव आज एकोणपन्नास किलोचे झालेत."

"अभिनंदन," सर म्हणाले.

"अभिनंदन काय! त्या आनंदात त्यांनी जिलबी खाल्ली. मग त्यांनी पाहिलं, तर वर पानावर नाव माझ्या दुसऱ्या सभासदाचं, सृष्टीचं. ती त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहते. लिफ्टमध्ये तिला म्हणाले, बाळा, एकोणपन्नास म्हणजे फारच कमी, खात जा. पोरगी रडतेय माझ्यासमोर. संध्याकाळपर्यंत कोणामुळे झालं ते मला कळलं पाहिजे."

फोन ठेवून सरांनी अफशीनकडे पाहिलं. सोमवारी नवीन आवृत्ती तिने चढवली होती. तिचं प्रोबेशन शुक्रवारी संपणार होतं. आता बहुतेक मंगळवारीच संपणार होतं.

"सर, मी फक्त बटणाचा रंग बदललाय. निळ्याचा हिरवा."

"मग हिरव्याचा परिणाम असेल."

सर कंप्युटर सायन्सचे पदवीधर आहेत.

अफशीनने वाद घातला नाही. तिने ताईंना परत फोन लावला. "ताई, कालपासून तुमच्याकडे काही वेगळं सुरू झालंय का?"

"माझ्याकडे? शिस्त सुरू झालीय. आधी कोणी दुपारी बघायचं, कोणी जेवून बघायचं. आता बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी सकाळी साडेसातला, उपाशीपोटी, एकदम वेबसाइट उघडायची."

'एकदम' हा शब्द ऐकला आणि माझ्या हातातला चहा आपोआप गार झाला. कारण लॉगिनचा कोड माझा होता. आलेला सभासद कोण, हे अकरा फंक्शन्सना एकामागून एक सांगत बसायचा मला कंटाळा आला होता. म्हणून मी एक स्टॅटिक व्हेरिएबल केलं आणि सभासद त्यात ठेवला. ज्याला हवा त्याने तिथून उचलावा. आळसाला मी तेव्हा आर्किटेक्चर म्हणालो होतो.

आम्ही चाचणी एकेकट्याने करायचो. एक जण बटण दाबणार, बाकीचे दोघं चहाला जाणार. त्यामुळे चूक कधी दिसलीच नाही.

अफशीन तासाभरात त्या ओळीपर्यंत पोचली. टेस्ट सर्व्हरवर तिने सभासद त्या व्हेरिएबलमध्ये ठेवण्याच्या आणि वाचण्याच्या मध्ये तीन सेकंदांचा थांबा घातला. मग दोन खोटे सभासद तयार केले, बटाटा आणि वांगं. एक लॅपटॉप सरांना दिला.

"सर, तुम्ही बटाटा. दाबा."

सरांनी दाबलं. सेकंदाने तिने वांगं दाबलं. थोड्या वेळाने दोन्ही पडद्यांवर वांगं आलं.

"माझा बटाटा कुठंय?" सर खरोखर हळहळले.

"स्टॅटिक म्हणजे सगळ्या सर्व्हरला मिळून एकच डबा, सर. तुम्ही बटाटा ठेवलात. तुमचं पान तयार होतंय तोवर मी त्याच डब्यात वांगं ठेवलं. तुमच्या पानाने डबा उघडला, तर माझं वांगं. साडेसातला बेचाळीस जण हेच करतायत. पान मागायला येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टने आपला सभासद आपल्याजवळच ठेवायला हवा."

"हे कोणी लिहिलंय?"

प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद असते. अफशीनच्या पडद्यावर माझं नाव होतं, तारखेसकट. तिने ते वाचलं आणि पडद्यावरची ती खिडकी बंद केली.

"नाव कशाला, सर. मी दुरुस्त करते."

"म्हणजे तूच. ताईंना तेच कळवतो."

मी तीन सेकंद गप्प बसलो. बटाट्याचं वांगं व्हायला तेवढा वेळ पुरतो.

"सर, मी लिहिलंय," मी म्हणालो.

"अल्ताफ, तू? तू तर सीनियर!"

"म्हणूनच इतके दिवस कोणी बघितलं नाही."

सरांनी साइट तात्पुरती बंद करायला लावली. ताईंना माझं नाव कळवलं. बेचाळीस जणांना फोन करून, तुमची माहिती दुसऱ्याला दिसली असू शकते, हे सांगायचं काम मला मिळालं. वैजनाथरावांना त्यांचं खरं वजनही मीच सांगितलं. ते म्हणाले, "तपासून सांगताय ना?" सृष्टीने माझी माफी ऐकून घेतली आणि फोन ठेवला, ते तिचं बरोबरच होतं.

शुक्रवारी अफशीनला कायम केल्याचं पत्र मिळालं. सोबत नवा नियम आला, की माझा कोड तिने वाचल्याशिवाय सर्व्हरवर चढणार नाही.

मी नऊ ओळी पाठवल्या. तिच्याकडून सत्तावीस शेरे आले. मी विचारलं, नऊ ओळींत सत्तावीस चुका कशा काय?

"बघ ना," ती म्हणाली, "मलाही तेच कळेना, अल्ताफभाई."