दिवा लागला आहे का, विचारा

माझ्या सुनेला जन्मापासून ऐकू येत नाही. मुलगा बोटीवर खलाशी आहे. लग्न ठरलं तेव्हा तो हातांची भाषा शिकला आणि आता दोघं हातांनी इतकं बोलतात की घरात मलाच गप्प बसल्यासारखं वाटतं. मलाही खुणा येतात, पण त्यांचा वेग मला झेपत नाही.

बोटीवर दोर आवळताना त्याचा उजवा हात त्यात सापडला. फोनही तेव्हाच पाण्यात गेला. कंपनीकडून एवढाच निरोप आला, हाताला इजा, काळजी नसावी. काळजी नसावी असं कोणी कळवलं की माणूस काळजीच करतो. सुनेचं जेवणावरून मन उडालं. तिचा नवरा तिच्याशी ज्या बोटांनी बोलायचा, ती बोटं शाबूत आहेत का, हे तिला कोणी सांगत नव्हतं.

मग बोट एका बंदराला लागली. तिथे खलाशांसाठी एक खोली असते, संगणक ठेवलेले असतात. दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. सून शिवणाचं काम टाकून संगणकासमोर बसली. मी तिच्या मागे खुर्ची ओढली.

पडदा काळा. आवाज मात्र आला. "बाबा, मी दिसतोय का?"

"नाही रे. नुसता अंधार."

"तुम्ही दोघं मला दिसताय. माझा कॅमेरा चालत नाही. दुसरं ॲप तो वापरतंय, असं संगणक सांगतोय."

मी सुनेला खुणेने सांगितलं. तिने चॅटमध्ये भराभर लिहिलं, हात दाखव. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. आलं ते दोनच शब्दांचं. "कॅमेरा बंद."

ती माझ्याकडे वळली. हात चालवत म्हणाली, "खोटं बोलतोय. बोटं गेलीत, म्हणून लपवतोय. बघा, टाइपसुद्धा धड करत नाही."

"डाव्या हाताने करत असेल."

"मग उजवा कुठे आहे?"

मी मुलाला म्हणालो, "ही म्हणते तू लपवतोयस."

"अहो, लपवायचं असतं तर फोन कशाला केला असता? बाकीच्या संगणकांवर माणसं बसलीत. ही खोली सांभाळणाऱ्या बाई जेवायला गेल्यात आणि संध्याकाळी बोट सुटतेय. तिला म्हणावं, रुसू नकोस."

सून रुसली नव्हती. ती विचार करत होती. तिचा शिवणाचा वर्ग संगणकावर चालतो आणि तिथे तिला एकदा असाच अंधार भेटला होता. तिने टेबलावर टिचकी मारून माझं लक्ष वेधलं. "विचारा, कॅमेऱ्याशेजारचा दिवा लागलाय का?"

मी विचारलं. "लागलाय," तो म्हणाला.

तिचे खांदे जरा सैल झाले. "मग कॅमेरा चांगला आहे. कोणीतरी धरून बसलंय. सेटिंगमध्ये गोपनीयता उघडायला सांगा, त्यात कॅमेरा. कोणतं ॲप आत्ता वापरतंय ते नावाखाली लिहिलेलं असतं."

मी एकेक शब्द सांगत गेलो. मध्येच तो म्हणाला, "सापडलं. फोन करायचंच दुसरं एक ॲप आहे. पण खिडकी कुठेच दिसत नाही."

"खाली घड्याळाजवळ बाण असेल, त्यात बघ म्हणावं," सून म्हणाली.

मी तसं सांगितलं. मग तो हसायला लागला. हसू आवरेना.

"बाबा, त्या खिडकीत एक आजी बसल्यात. स्वेटर विणतायत. माझ्याआधी बसलेल्या गड्याने फोन न तोडता खिडकीच लपवली, आवाज बंद करून. त्याचा फोन अजून चालूच आहे. या केव्हापासून माझं तोंड बघतायत."

"काय म्हणतायत?"

"आवाज सुरू केला, तरी भाषा कळत नाही. पण माझ्या हाताकडे बोट दाखवून हळहळतायत."

मी हे सुनेला सांगितलं. तिने डोळे मोठे केले. "म्हणजे परक्या बाईला माझ्या नवऱ्याचा हात दिसतो आणि मला नाही?" पण ती हसत होती.

"आजींना नमस्कार कर आणि त्यांचा फोन ठेव," मी म्हणालो. "मग ते ॲप पूर्ण बंद कर. नुसती खिडकी मिटू नकोस. आणि आपल्या कॉलमधला कॅमेरा एकदा बंद करून चालू कर." हे शेवटचं सुनेनेच सांगितलं होतं, मी आपलं म्हणून खपवलं.

पडदा एकदम उजळला. दाढी वाढलेला, वाळलेला, पण तोच. त्याने उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला. मनगटापासून पट्टी होती, तिच्यातून बोटं बाहेर होती. पाचही. सुजलेली, निळसर, पण हलणारी.

सुनेने पडद्यावर बोट ठेवून एकेक मोजलं. मग श्वास सोडला. तो आवाज तिला स्वतःला ऐकू आला नाही, मला आला.

त्याने त्या हाताने काहीतरी सांगितलं. दोन बोटं नीट वळत नव्हती. सून पुढे झुकली, कपाळाला आठी घालून. मग खांदे हलायला लागले.

"काय म्हणाला गं?"

"तोतरा झालाय," ती म्हणाली. "म्हणायचं होतं, भूक लागलीये. म्हणाला, म्हैस आलीये."

मुलाने पुन्हा प्रयत्न केला. ती पुन्हा हसली आणि स्वतःच्या हाताने त्याला हळूहळू दाखवायला लागली, पहिल्या वर्षी दाखवायची तसं. मी उठून चहा ठेवायला गेलो. त्या दोघांच्या बोलण्यात मला आता काही काम नव्हतं.