बावन्न आणि अडतीस

विश्वनाथकाकांनी बनवलेला मजला, म्हणजे गोदामाची काँक्रीटची जमीन, मी दोनदा नापास केला आणि एकदा पास केला. पास केलेला तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला. लोकांना आकडा आवडतो. तो कधीचा आहे, कुठला आहे, हे विचारायची गरज कुणाला भासत नाही.

गुडगावच्या पुढे, मानेसरच्या अलीकडे, २००६ साली रोज एक शेड उभी राहत होती. काल मोहरी होती तिथे आज कंपाउंड. आमच्या कामाची शेड साबणापासून शाम्पूपर्यंत सगळं साठवणाऱ्या एका कंपनीची. आत अकरा मीटर उंच रॅक आणि त्यांच्यामध्ये एवढ्या अरुंद गल्ल्या, की फोर्कलिफ्ट आत गेली की दोन्ही बाजूंना हातभर जागाही उरत नाही. असा मजला काकांनी आधी कधी केला नव्हता. तो जमला तर शेजारची याच्या दुप्पट शेड त्यांना मिळणार होती. नाही तर वीस वर्षं बरोबर असलेली कामगारांची टोळी मोडायची आणि दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात काकूंच्या सरकारी क्वार्टरमध्ये पेपर वाचत बसायचं. काकू निवृत्त होईपर्यंत, मग तेही नाही.

त्याच क्वार्टरच्या शेजारी मी वाढले. माझे वडील, अण्णासाहेब, मंत्रालयात होते आणि काका आमच्या गच्चीची गळती फुकट थांबवून द्यायचे. आता मी नोएडाच्या एका सल्लागार कंपनीतर्फे मजले मोजायची आणि मला नेमलं होतं मालकाने. म्हणजे काकांचा मजला आणि माझी सही. चिरागला, मालकाच्या प्रोजेक्ट मॅनेजरला, मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो पुण्याचा, दिल्लीत तीन वर्षं काढून अर्धा हिंदी झालेला. म्हणाला, "अरे यार, चांगलंच आहे की. भांडण मराठीत होईल."

भांडणाची वेळच आली नाही, मजला असा झाला. काँक्रीट पडल्यावर काकांची माणसं घोटाईची यंत्रं फिरवत राहिली आणि काका स्वतः तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन तिच्यामागे वाकून चालत राहिले, जिथे उजेड पट्टीखालून दिसेल तिथे पुन्हा घोटायला लावत. पाठ मोडली असेल. म्हणाले, "सून बघायला आल्यासारखी तू उद्या येणार, म्हणून जरा नटवतोय."

मी आले. माझं यंत्र म्हणजे एक दांडा आणि त्याला फूटभर अंतरावर दोन पाय. एका पायावर फिरवून दुसरा पुढे टाकायचा, मग त्यावर फिरवून पहिला. असं ठरलेल्या रेषेवरून चालत जायचं. दर पावलाला दोन पायांमधला उंचीचा फरक नोंदला जातो. त्यातून दोन आकडे निघतात. पहिला सपाटीचा, म्हणजे हातभर अंतरातले उंचवटे-खड्डे किती. दुसरा समपातळीचा, म्हणजे तीन मीटरांत जमीन किती कलली. आकडा जितका मोठा तितका मजला चांगला. करारात पन्नास आणि पस्तीस मागितले होते, आणि कुठल्याही एका भागात तीस आणि वीसच्या खाली जायचं नाही. निघाले बावन्न आणि अडतीस.

काकांनी आकडा दोनदा विचारला. मग टोळीला जिलेबी आणि माझ्या दाखल्याला फ्रेम. चिरागने वरच्या साहेबांना फोन करून तो आकडा असा सांगितला, जणू त्यानेच घोटला होता.

आता दोन गोष्टी, ज्या मी दाखल्यातही लिहिल्या होत्या आणि फ्रेमच्या काचेआडून कुणी वाचल्या नाहीत. हे मोजमाप काँक्रीट पडल्यापासून बहात्तर तासांच्या आत करायचं असतं, कारण त्यातून घोटणाऱ्याचं काम तपासायचं असतं, पुढे काँक्रीट काय करील ते नव्हे. आणि काँक्रीटचे दोन चौकोन जुळतात त्या सांध्यांच्या दोन फुटांच्या आत मोजायचंच नसतं. म्हणजे मजला पहिल्या तीन दिवसांत आणि सांध्यापासून लांब कसा होता, एवढंच त्या बावन्नात होतं. फोर्कलिफ्ट मात्र सांध्यांवरूनच जाणार होती, पुढची पंधरा वर्षं.

मे महिना होता. बाहेर लू, भाजून काढणारा वारा, चाललेली. अशा हवेत काँक्रीटवर निदान आठवडाभर ओलं गोणपाट ठेवावं लागतं, नाही तर वरचा थर झपाट्याने सुकून आकसतो, खालचा ओलाच राहतो, आणि पापड उन्हात टाकल्यावर जसा कडांना वर येतो तशी स्लॅबची कड उचलते. हे काकांना मी काय शिकवणार? त्यांनीच मला शिकवलं होतं, मी डिप्लोमाला असताना.

मोजमापाच्या दुसऱ्या दिवशी चिरागचा फोन काकांना. मोठे साहेब मुंबईहून येतायत, नारळ फोडायचाय, आणि त्यांना मजला बघायचाय. "ते गीले बोरे, ते गोणपाट वगैरे हटवा ना, काका. चमक दिसली पाहिजे." साहेबांना बावन्न बघायचे होते.

काका नाही म्हणू शकले असते. चिरागनेही नंतर हेच म्हटलं, आणि ते खरं होतं. पण आयुष्यभर बेसमेंट, गटारं, गच्च्या केलेला माणूस. त्याने केलेलं काम कुणी मुद्दाम विमानाने बघायला येतंय असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी गोणपाट उचललं, मजला पुसून घेतला, शेडची सगळी दारं उघडली. साहेब बुटांसकट वीस मिनिटं फिरले, "ब्यूटिफुल" म्हणाले, गेले. मग मांडव, मग जेवणं. पाणी पुन्हा पडलंच नाही. मला हे कळलं तेव्हा मी काकांवर ओरडले, फोनवर, त्यांच्या वयाचा मुलाहिजा न ठेवता. ते एवढंच म्हणाले, "अगं, काय सुंदर दिसत होता तो."

जून संपता संपता रॅक उभे राहिले आणि फोर्कलिफ्ट आली. पहिल्याच गल्लीत तिचा खांब झुलायला लागला. या वेळी मी चाकांच्या वाटेवर मोजलं, सांध्यांवरून. कडा उचलल्या होत्या, आणि जिथे दोन सांधे भेटतात ते कोपरे सगळ्यात जास्त. त्यामुळे एका बाजूचं चाक दुसऱ्यापेक्षा चार मिलिमीटर वर. फोर्कलिफ्ट बनवणाऱ्यांची मर्यादा अडीचची. चार मिलिमीटर म्हणजे काय, दोन नाणी. पण खाली चार, तर अकरा मीटरवर साडेतीन सेंटिमीटर, आणि चालत्या गाडीत झोक त्याच्या दुप्पट-तिप्पट. वरचा माल रॅकला घासत होता. पहिल्यांदा नापास.

बैठकीत मी उपाय सांगितले. स्लॅबच्या उचललेल्या कडांखाली पोकळी झालीय. आधी भोकं पाडून तिथे ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंट, भरा, म्हणजे कड बसणार-उठणार नाही. मग थांबा, स्लॅबचं सुकणं स्थिरावू दे, आणि त्यानंतरच उंचवटे घासा. किंवा वरून नवा पातळ थर द्या. पण मग मजला वर येईल, दारांशी ट्रकची पातळी चुकेल, रॅक काढावे लागतील. किंवा तोडून नवा करा. किंवा मान्य करा की इथे अकरा मीटर होणार नाही. रॅक निम्मे करा, साध्या गाड्या घ्या.

"सगळ्यात जल्दी काय होईल?" चिरागने विचारलं. दिवाळीचा माल यायचा होता.

"नुसतं घासणं. पण ते आत्ता करू नका. कड अजून हलतेय. शिवाय वरचा कडक थर जाईल तो वेगळाच."

"मी घासतो," काका म्हणाले. "विनया, मी स्वतः घासतो. एक जागा सुटणार नाही."

मी नको म्हटलं. पुन्हा नको म्हटलं. ते चिरागकडे बघत होते आणि चिराग कॅलेंडरकडे. शेजारच्या शेडचा निर्णय याच महिन्यात होता ना. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे काडी मी हातातून काढून घेत होते, असं काकांना वाटत असणार.

त्यांनी घासलं. हिऱ्याच्या चकत्यांचं यंत्र लावून, तोंडाला पंचा बांधून, गल्लीगल्लीतून. त्यांनीच घोटलेली ती काचेसारखी कातडी निघून सांध्यांशी राखाडी खडीचे पट्टे उघडे पडले. फोर्कलिफ्ट आठ दिवस सुरळीत चालली. काकांनी काकूंना शेड दाखवायला आणलं.

मग जुलैची दमट हवा सुरू झाली. शेडच्या उघड्या दारांतून ती आत येत राहिली, सुकलेला वरचा थर ओल धरून थोडा फुगला आणि उचललेल्या कडा हळूहळू खाली बसल्या. उंच होत्या तेव्हा घासून सरळ केलेल्या कडा. आता त्या खाली आल्यावर प्रत्येक सांध्याशी खळगा पडला. हिवाळ्यात कोरडं झालं की त्या पुन्हा उचलणार होत्या, पण किती, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा मोजलं. काका माझ्या मागे मागे चालत होते, यंत्राच्या पायांकडे बघत. गल्ली संपली.

"किती?"

मी सांगितलं. "मघाशी होतं त्याच्या उलट, काका. सांध्याशी तीन मिलिमीटर खड्डा. कोपऱ्यात साडेतीन."

"मघाशी" म्हणाले मी. जणू मधले दोन महिने झालेच नव्हते.

चिरागने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. तो वाईट माणूस नव्हता. डोळे चुकवून बोलला. रॅक सहा मीटरवर आणणार, अरुंद गल्लीच्या गाड्या परत. शेजारची शेड एका मोठ्या कंपनीला. त्यांच्याकडे लेझरवर चालणारं यंत्र आहे. "काका, तुमचं काम फर्स्ट क्लास होतं. बावन्न यार. वो तो रेकॉर्ड में है."

तो गेल्यावर आम्ही दोघंच राहिलो. टोळीतले लोक बाहेर सामान टेम्पोत चढवत होते. पंजाबात काही काम आहे म्हणे, तिकडे निघाले होते, काकांशिवाय. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, चिरागचा, त्या साहेबाच्या बुटांचा, आणि सगळ्यात जास्त काकांचा. वीस मिनिटांच्या कौतुकासाठी!

काका सांध्याशी उकिडवे बसले. पिशवीतून प्यायच्या पाण्याची बाटली काढली आणि थोडं पाणी जमिनीवर ओतलं. ते क्षणभर पसरलं, मग घासलेल्या पट्ट्याकडे सरकलं आणि खळग्यात जाऊन थांबलं. त्यांनी आणखी ओतलं. तेही तिथेच गेलं. बाटली संपेपर्यंत ओतत राहिले.

"काका, काय करताय?"

"पाणी घालतोय," ते म्हणाले. "मे महिन्यात घालायचं राहिलं होतं."

मग त्यांनी गळ्यातला पंचा काढला आणि ते सगळं पाणी नीट टिपून घेतलं. उद्या गाडीवाला पोरगा घसरेल म्हणाले.