संथ फुगा

बावीस वर्षं मी अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर सांभाळते. शिकायला येणाऱ्या पोरींना दोन फुगे दाखवते: एक रुंद नळीला लावलेला, दुसरा सैलसर, बारीक नळीला. "नळीचा अडथळा गुणिले फुग्याचा सैलपणा, की आला टाइम कॉन्स्टंट. जितका मोठा, तितका भरायला आणि रिकामा व्हायला वेळ. भराभर फुंकलंत, तर पहिला टम्म आणि दुसरा बिचारा अर्धाही नाही. शिरलं का डोक्यात?" माझं तोंड असंच फटकळ आहे.

माझे वडील, अण्णा, आतून दुसऱ्या फुग्यासारखे. जन्मभर वेल्डिंगचा आणि विडीचा धूर. नळ्या अरुंद, फुप्फुसं सैल. स्वभावही तसाच. एक कप चहा अर्धा तास चालायचा. मी दारात चप्पल घालून ओरडायची, "अण्णा, आटपा ना!" ते म्हणायचे, "आलो गं बाई," आणि पुन्हा बशीत फुंकर मारायचे.

एका दुपारी धाप फार वाढली म्हणून त्यांना माझ्याच विभागात आणलं, घशात नळी घातली. डॉक्टर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णापाशी अडकले होते. रक्ताचा रिपोर्ट आला. कार्बन डायऑक्साइड भयंकर वाढलेला. माझं डोकंच चालेना. एकच सुचलं: श्वास वाढव, म्हणजे घाण बाहेर जाईल. मिनिटाला बारावर असलेला आकडा मी अठ्ठावीसवर नेला. ज्यासाठी पोरींना फाडून खाते, तेच केलं.

दहा मिनिटांत रक्तदाब कोसळला. तेव्हा कुठे मी व्हेंटिलेटरच्या पडद्याकडे नीट पाहिलं. श्वास सोडण्याची रेषा शून्यावर यायच्या आत पुढचा श्वास घुसत होता. हवा फुप्फुसाच्या धडधाकट भागातच जात होती. संथ भाग नीट भरत नव्हते, रिकामेही होत नव्हते. आत कोंडलेल्या हवेनं छाती फुगली होती, हृदयाकडे रक्त परतायला जागा नव्हती. मी नळी यंत्रापासून सोडवली. हवा बाहेर पडली, किती वेळ पडतच राहिली. मग पुन्हा जोडून आकडा दहावर आणला. रक्तदाब थोडा वर आला. पण अण्णांचं हृदय आधीच थकलेलं; संध्याकाळी ते गेले.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, आजार फार पुढे गेला होता, नक्की कुणी सांगू शकत नाही. मला मात्र तो आकडा दिसतो.

घरी जो तो म्हणे, "पोरगी जवळ होती, भाग्यवान माणूस." तेराव्या दिवशी मला सहन होईना. आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि फुग्यांपासून सगळं सांगितलं.

आई ओट्याला टेकली.

"म्हणजे तिथंही त्यांना आटपा म्हणालीस," ती म्हणाली. मग खाली बसली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं.