शेवटचं मूल घरी जाईपर्यंत

सुट्टीतल्या शिबिराचा मजकूर दरवर्षी मीच लिहिते. लिहिते कसली, गेल्या वर्षीचा उचलते आणि तारखा बदलते. यंदाही मैदानाचा फोटो लावला आणि खाली टाकलं:

"फुटबॉल शिबिर, चार आठवडे, सोमवार ते शुक्रवार. वय ६ ते ९: सकाळी ७ ते ८. वय १० ते १३: ७ ते ८.३०. वय १४ ते १६: ७ ते ९. आठ मुलांमागे एक प्रशिक्षक. दर वीस मिनिटांनी पाणी. गोलपोस्ट जमिनीत पक्के रोवलेले, प्रथमोपचाराची पेटी मैदानातच. नडगीला पॅड नसेल तर खेळ नाही. शुल्क अडीच हजार, दुसऱ्या भावंडाला निम्मं. शेवटचं मूल घरी जाईपर्यंत सर गेटवर थांबतील."

धाकट्या सरांनी, म्हणजे सरांच्या मुलाने, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, यंदा ते येणार नाहीत, हे मी साफ विसरले होते. जे होणार नाही ते लिहायचं नाही, ओळ काढा, म्हणाले. प्रशिक्षकांना नऊनंतर दुसरी कामं असतात. त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर मला जास्त राग आला.

कारण एके काळी ते शेवटचं मूल मी होते. बाबांची रात्रपाळी सुटायची, पण बदली माणूस आला नाही की त्यांना तासभर उशीर व्हायचा. सगळे गेले की गेटजवळच्या बाकावर मी आणि सर. सर कधी घड्याळाकडे बघायचे नाहीत. पंप घेऊन एकेका चेंडूत हवा भरत बसायचे. मला वाटायचं, किती कामं असतात बाई सरांना! त्यांच्या कामातच मी थांबलेय, असं वाटून मला रडू यायचं नाही. पुढे इथेच नोकरीला लागले, पंप हातात आला, तेव्हा कळलं, की रोज सगळ्या चेंडूंना हवा लागत नाही. त्या दिवशी मात्र मी रडले होते.

मी ओळ काढली नाही. 'सर' खोडून 'ऑफिसातल्या ताई' लिहिलं, म्हणजे मीच. ऑफिस उघडायला उशीर होईल, असं धाकटे सर म्हणाले. होऊ दे, म्हटलं.

मजकूर पालकांच्या गटावर टाकला आणि पाचच मिनिटांत सरांचा फोन आला. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार.

"वाचलं," ते म्हणाले.

"चुकलं का सर काही?"

"नाही. पंप कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. आधी दोन-चार चेंडूंतली हवा काढून ठेवत जा."